संध्याकाळ झाली की पोर्ट का बंद पडतो? पीओईच्या वॅटचा हिशेब

नाशिकहून दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं एक द्राक्ष पॅकहाऊस डोळ्यासमोर धरा. पत्र्याची मोठी शेड, मागे शीतगृह, समोर कंटेनर लागतो ती लोडिंगची जागा आणि सभोवार कुंपण. एका सोळा पोर्टच्या पीओई स्विचवर, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच उपकरणांना वीज देणाऱ्या स्विचवर, दहा बुलेट कॅमेरे, गेटवर फिरणारा एक पीटीझेड कॅमेरा आणि तीन वायफाय ॲक्सेस पॉइंट जोडलेले आहेत. दिवसभर सगळं व्यवस्थित चालतं. अंधार पडून तासभर झाला, कंटेनर भरायला सुरुवात झाली, की लोडिंगच्या जागेचा ॲक्सेस पॉइंट बंद पडतो. दोन-तीन मिनिटांत आपोआप चालू होतो, थोडा वेळ टिकतो आणि पुन्हा जातो. खोक्यांवरचे बारकोड वाचणारे स्कॅनर तेवढा वेळ ठप्प.

अशा वेळी पहिला संशय ॲक्सेस पॉइंटवर जातो. नवा आणून लावतात आणि तोही तसाच वागतो, कारण दोष उपकरणात नसून वॅटच्या हिशेबात असतो. हा हिशेब कागदावर कसा मांडायचा आणि पोर्ट सारखा चालू-बंद होत असेल तर कारण कसं ओळखायचं, ते याच पॅकहाऊसच्या आकड्यांवरून पाहू.

दोन मर्यादा, एक नव्हे

स्विच पोर्टवर थेट पूर्ण दाब सोडत नाही. आधी दहा व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी दाबाने तो चाचपून बघतो. पलीकडे सुमारे २५ किलोओहमचा ठरावीक रोध सापडला, तर हे पीओईचं उपकरण आहे असं तो समजतो. मग दाब थोडा वाढवून उपकरणाचा क्लास, म्हणजे ते जास्तीत जास्त किती वीज मागेल, हे विचारतो. त्यानंतरच पन्नास व्होल्टच्या आसपासचा पूर्ण दाब देतो.

एका पोर्टवर किती वीज मिळेल हे मानकावर ठरतं. २००३ सालच्या एएफ मानकात, म्हणजे स्विचवर `802.3af` लिहिलेलं असतं तिथे, पोर्टमधून १५.४ वॅट निघतात आणि केबलमधली घट धरून उपकरणाला १२.९५ वॅटची हमी मिळते. २००९ च्या एटी मानकात हेच आकडे ३० आणि २५.५ असे आहेत. २०१८ मध्ये आलेलं बीटी मानक केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या वापरून पोर्टमागे ९० वॅटपर्यंत जातं, पण साध्या कॅमेऱ्यांना त्याची गरज पडत नाही.

खरी गफलत इथे होते. स्विचवर 'एटी, ३० वॅट प्रति पोर्ट' असं छापलेलं वाचून लोक सोळा पोर्टांवर तीस-तीस वॅट मिळतील असं धरतात. तसं असतं तर आतल्या पॉवर सप्लायला ४८० वॅट द्यावे लागले असते. या स्विचचं एकूण पीओई बजेट आहे १५० वॅट. पोर्टची मर्यादा आणि सगळ्या पोर्टांची मिळून मर्यादा या वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही एकाच वेळी पाळाव्या लागतात.

लहान स्विच बाहेरच्या ॲडॅप्टरवर चालत असेल तर खोक्यावरच्या आकड्यापेक्षा ॲडॅप्टरवरचं लेबल वाचा. व्होल्ट गुणिले अँपिअर करा आणि स्विचच्या स्वतःच्या खर्चासाठी पाचेक वॅट वजा करा. ५१ व्होल्ट आणि १.२५ अँपिअर लिहिलं असेल तर सगळे मिळून ६४ वॅट होतात आणि पोर्टांसाठी साठाच्या आतच उरतात. हा आकडा खोक्यावरच्या दाव्यापेक्षा कमी निघाला, तर हिशेबात हाच धरायचा.

दिवसाचा हिशेब वेगळा, रात्रीचा वेगळा

आता पॅकहाऊसचे आकडे. बुलेट कॅमेऱ्याच्या लेबलवर कमाल ९ वॅट आहेत, पीटीझेडवर २२ आणि ॲक्सेस पॉइंटवर १९. लेबलप्रमाणे बेरीज अशी होते: दहा कॅमेऱ्यांचे ९०, पीटीझेडचे २२, तीन ॲक्सेस पॉइंटचे ५७, एकूण १६९ वॅट. बजेट १५० चं. म्हणजे स्विच बसवायच्या आधीच, कागदावरच, १९ वॅट कमी पडत होते. तरीही काम चालू झालं, कारण चाचणी दुपारी झाली.

दुपारी बुलेट कॅमेरा साडेचार वॅटच्या आसपास घेतो. अंधार पडला की त्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तोच कॅमेरा साडेआठवर जातो. शीतगृहातले दोन कॅमेरे मात्र दिवसाही साडेआठच घेतात, कारण आतला दिवा बंद असला की त्यांच्यासाठी कायमच रात्र असते. हा मुद्दा पॅकहाऊस आणि कोल्ड स्टोरेजच्या हिशेबात हमखास सुटतो.

दुपारचं चित्र असं: बाहेरच्या आठ कॅमेऱ्यांचे ३६ वॅट, शीतगृहातल्या दोघांचे १७, स्थिर उभ्या पीटीझेडचे ११, फारसं कुणी जोडलेलं नसलेल्या तीन ॲक्सेस पॉइंटचे ३३. एकूण ९७. दीडशेतले ५३ वॅट शिल्लक दिसतात आणि सगळे निर्धास्त होतात.

रात्री दहाही कॅमेऱ्यांचे मिळून ८५ होतात. पीटीझेडचे इन्फ्रारेड दिवे लागले की तो २० वर जातो. लोडिंग सुरू होऊन स्कॅनर आणि फोन जोडले गेले की प्रत्येक ॲक्सेस पॉइंट १४ च्या आसपास, म्हणजे तिघांचे ४२. बेरीज १४७. आता फक्त तीन वॅट शिल्लक आहेत. पीटीझेडने मोटर फिरवून दुसऱ्या बाजूला नजर वळवली की दोन गेले, आणि एखाद्या ॲक्सेस पॉइंटवर काम वाढून तो १६ वर गेला की मर्यादा ओलांडली.

मर्यादा ओलांडली की स्विच कुणाला तरी तोडतो. कुणाला तोडायचं हे पोर्टच्या प्राधान्यावर ठरतं. कुणी प्राधान्य लावलंच नसेल तर बहुतेक स्विचमध्ये सगळे पोर्ट एकाच पातळीवर असतात आणि सर्वांत मोठ्या क्रमांकाचा पोर्ट आधी जातो. इथे चौदाव्या पोर्टवर लोडिंगच्या जागेचा ॲक्सेस पॉइंट होता, कारण तो सर्वांत शेवटी बसवला होता.

तो बंद पडला की भार एकदम १३५ च्या आसपास येतो. स्विचला पुन्हा जागा दिसते, चौदाव्या पोर्टवर उपकरण सापडतं, वीज दिली जाते. ॲक्सेस पॉइंट सुरू होताना कमी वीज घेतो, त्यामुळे दोन-तीन मिनिटं सगळं ठीक वाटतं. मग रेडिओ चालू होतात, स्कॅनर परत जोडले जातात, खर्च १४ ते १६ वर चढतो आणि पोर्ट पुन्हा तुटतो. हे चक्र लोडिंग संपेपर्यंत चालू राहतं. शेवटच्या पोर्टवर कॅमेरा असता तर हेच चक्र अधिक वेगाने फिरलं असतं, कारण कॅमेरा उठल्यावर लगेच इन्फ्रारेड दिवे लावतो.

काही स्विच प्रत्यक्ष खर्च न मोजता क्लासप्रमाणे वीज राखून ठेवतात. तिथे लक्षण वेगळं दिसतं. ९ वॅटचा कॅमेरा क्लास ३ मध्ये येतो, त्याच्यासाठी १५.४ वॅट राखले जातात. पीटीझेड आणि ॲक्सेस पॉइंट क्लास ४ चे, प्रत्येकी ३०. राखीव बेरीज १५४ अधिक १२०, म्हणजे २७४. अशा स्विचवर पहिले नऊ कॅमेरे लागल्यावर १३८.६ वॅट राखून झालेले असतात आणि दहाव्याला नकारच मिळतो. उपकरण मुळात चालूच होत नसेल तर राखीव जागेचा प्रश्न समजावा. चालू होऊन मग पडत असेल तर प्रत्यक्ष खर्चाचा.

रात्रीची वाट न पाहता तपासणी

हे ताडून पाहायला अंधाराची वाट पाहायची गरज नाही. प्रत्येक कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये दिवस-रात्र बदल 'ऑटो' वर असतो, तो तात्पुरता 'रात्र' वर करा. इन्फ्रारेड दिवे भर दुपारी लागतात. पीटीझेडला फेरीवर लावा. ॲक्सेस पॉइंटवर दोन-चार फोन जोडून व्हिडिओ चालवा. मग स्विचच्या वेब पानावर पीओईच्या विभागात एकूण खर्च वाचा. तिथे दिसणारे वॅट स्विचमधून निघणारे असतात, म्हणजे केबलमध्ये वाया जाणारा भाग त्यात आलेला असतो. लेबलवरची बेरीज आणि हा आकडा यांतला मोठा धरायचा. सिस्कोच्या स्विचवर हेच दोन ओळींत दिसतं:

```
show power inline
show logging | include ILPOWER
```

पहिली ओळ एकूण, वापरलेले आणि उरलेले वॅट व प्रत्येक पोर्टचा क्लास दाखवते. दुसरी पोर्ट का तुटला याची नोंद देते. नोंदीत `inline power denied` असेल तर बजेट संपलं आहे. `Imax error` म्हणजे त्या एका पोर्टवरून मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह ओढला गेला. `PD removed` म्हणजे पलीकडच्या उपकरणाने वीज घेणं थांबवलं किंवा केबलचा संपर्क सुटला. या तीन नोंदी तीन वेगवेगळ्या दिशांना नेतात, म्हणून नोंदी पुसण्याआधी वाचून घ्या. स्विच बंद करून चालू केला की त्या बऱ्याचदा नाहीशा होतात.

वेळ हाही चांगला साक्षीदार आहे. नाशिकला डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या सुमाराला. बिघाडाची वेळ महिन्यागणिक सूर्यास्ताबरोबर सरकत असेल तर इन्फ्रारेडचा भार कारणीभूत आहे. रोज ठरलेल्या वाजताच होत असेल तर पाळी बदलणं, लोडिंग सुरू होणं किंवा एखादं ठरवून दिलेलं रीबूट बघा. आणि एकच पोर्ट न जाता सगळे एकदम जात असतील तर बजेटचा विषय सोडा. यूपीएस, पॉवर सप्लाय किंवा उष्णता तपासा. एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या बंद रॅकमध्ये स्विच ठेवला आणि पंख्याची जाळी धुळीने भरली की पॉवर सप्लाय स्वतःला वाचवण्यासाठी बंद होऊ शकतो.

बजेट पुरेसं आहे, तरी एकच पोर्ट पडतो

मग केबलकडे वळायचं, आणि त्यातही आधी लांबच्या केबलकडे. या पॅकहाऊसमध्ये गेटवरचा पीटीझेड ९० मीटरवर आहे. चांगल्या तांब्याच्या कॅट ५ई केबलमध्ये दोन जोड्यांतून वीज जाताना जाण्या-येण्याचा मिळून रोध तेवढ्या अंतरावर सुमारे साडेआठ ओहम भरतो. २२ वॅटच्या कॅमेऱ्याला ५० व्होल्टवरून जवळपास अर्धा अँपिअर लागतो, म्हणजे वाटेत चार व्होल्ट जातात आणि टोकाला ४६ उरतात. उत्तम.

बाजारात स्वस्त मिळणारी केबल मात्र बऱ्याचदा ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. लेबलवर `CCA` लिहिलेलं असतं, कधी तेही नसतं. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. तोच कॅमेरा, तेच अंतर, पण आता रोध साडेतेरा ओहम, वाटेत जवळपास सात व्होल्ट जातात आणि टोकाला ४३ उरतात. एटी मानकाप्रमाणे उपकरणाने ४२.५ व्होल्टपर्यंत चालावं अशी अपेक्षा असते. म्हणजे आपण अगदी काठावर आहोत. पावसाळ्यात गेटवरच्या डब्यात पाणी शिरून कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या आणि त्या जोडणीने आणखी दोन ओहम घातले, की दाब ४२ च्या खाली जातो. कॅमेरा स्थिर असताना चालतो, रात्री मोटर फिरली की रीबूट होतो. दाब कमी झाला तरी कॅमेऱ्याला वॅट तेवढेच हवे असतात, म्हणून तो प्रवाह जास्त ओढतो, त्याने दाब आणखी पडतो. उशिराने का होईना, पण हा बिघाड वाढतच जातो.

केबल तपासायला महागडं यंत्र लागत नाही. दोन्ही टोकं स्विच आणि कॅमेऱ्यापासून सोडवा. एका टोकाला एकाच जोडीच्या दोन तारा, उदाहरणार्थ नारिंगी आणि पांढरी-नारिंगी, सोलून एकमेकांना पिळा. दुसऱ्या टोकाला त्याच दोन तारांमध्ये मल्टीमीटरने ओहम मोजा. इथे एक तार जाते आणि एक येते, म्हणून ९० मीटर तांब्याला १७ ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी यायला हवेत. २७ च्या जवळ आले तर केबल मुलाम्याची आहे. चारही जोड्यांचं असंच माप घ्या. तीन सारख्या आणि एक बरीच जास्त आली तर त्या जोडीत कुठेतरी सांधा किंवा तुटकी तार आहे. तारेवर ब्लेडने खरवडून आत चंदेरी रंग दिसतो का हेही बघता येतं.

मल्टीमीटरची एक मर्यादा लक्षात असू द्या. तो अगदी थोडा प्रवाह सोडून मोजतो, त्यामुळे गंजलेली पिन तिथे चांगली दिसू शकते आणि अर्धा अँपिअर गेल्यावर दगा देऊ शकते. आणि मोजताना तारेची टोकं सोललेली असल्याने कनेक्टर मापात येतच नाही. म्हणून माप बरोबर आलं तरी दोन्ही टोकांचे कनेक्टर कापून नवे क्रिम्प करा. कॅमेऱ्याच्या शेपटीची जोडणी उघडी न ठेवता जलरोधक टोपीत बसवा आणि डब्यात शिरण्याआधी केबलला खाली वळण द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल.

केबल की उपकरण की पोर्ट, हे ठरवायला एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी कॅमेरा स्विचजवळ आणून दोन मीटरच्या चांगल्या केबलने त्याच पोर्टवर लावा. तिथे रात्रभर टिकला तर पोर्ट आणि कॅमेरा दोन्ही ठीक, दोष मधल्या केबलमध्ये. तिथेही पडला तर दुसरा पोर्ट देऊन बघा. एकाच दमात केबल, पोर्ट आणि ॲडॅप्टर बदलले तर बिघाड थांबेल, पण पुढच्या वेळी कुठे बघायचं हे कळणार नाही.

दोन कारणं अशी आहेत की वॅट आणि केबल दोन्ही ठीक असूनही पोर्ट चालू-बंद होतो. पहिलं, ॲक्सेस पॉइंटला पीओईही दिलेलं असतं आणि जवळच्या प्लगमधून ॲडॅप्टरही. उपकरण ॲडॅप्टरवरून चालायला लागतं आणि पोर्टमधून काहीच ओढत नाही. वीज चालू ठेवायची तर उपकरणाने निदान १० मिलिअँपिअर घेत राहावं असा नियम आहे. तो प्रवाह ०.३ ते ०.४ सेकंद थांबला की स्विच वीज काढतो, मग पुन्हा चाचपतो, पुन्हा देतो. ॲडॅप्टर काढून टाका. दुसरं कारण स्विचमधली 'पीडी अलाइव्ह' किंवा 'वॉचडॉग' नावाची सोय. ठरावीक वेळेत कॅमेऱ्याकडून उत्तर आलं नाही की स्विच त्याची वीज तोडून परत देतो. कॅमेऱ्याला उठायला दीड मिनिट लागत असेल आणि वाट बघायची मुदत एक मिनिटाची असेल, तर तो कधीच उठू शकत नाही. मुदत वाढवा, किंवा तपासणी चालू असेपर्यंत ही सोय बंद ठेवा.

पॅकहाऊसचा उपाय

लेबलची बेरीज १६९. केबलमधली घट आणि पुढे वाढणारे एक-दोन कॅमेरे धरून बजेटचा ८० टक्क्यांपर्यंतच वापर व्हावा असं धरलं, तर १६९ ला ०.८ ने भागून २११ येतात. म्हणजे २५० वॅटचा स्विच घ्यावा. स्विच बदलायचा नसेल तर तीन ॲक्सेस पॉइंट स्विचवरच्या विजेतून काढून, भिंतीच्या प्लगमधून वीज घेऊन ती केबलमध्ये सोडणाऱ्या, प्रत्येकी ३० वॅटच्या इंजेक्टरवर टाकता येतात. मग स्विचवर लेबलप्रमाणे ११२ वॅट उरतात, म्हणजे दीडशेच्या ७५ टक्के. खर्चात हे परवडतं, पण तीन जादा प्लग लागतात, ते यूपीएसवरच असावे लागतात आणि ॲक्सेस पॉइंट दूरून रीबूट करण्याची सोय जाते. हंगामात जिथे रात्री माणूस पाठवणं कठीण असतं तिथे मोठा स्विचच बरा.

स्विच मोठा असो की जुनाच, प्राधान्य लावायला विसरू नका. गेटचा पीटीझेड, लोडिंगच्या जागेचा कॅमेरा आणि तिथला ॲक्सेस पॉइंट 'क्रिटिकल' वर ठेवा. कुंपणाच्या मागच्या बाजूचे कॅमेरे 'हाय' वर, ऑफिसमधला ॲक्सेस पॉइंट 'लो' वर. उद्या कुणी हिशेब न करता पंधरावं उपकरण लावलं आणि वीज कमी पडली, तर कंटेनर भरताना स्कॅनर बंद पडणार नाहीत, ऑफिसचं वायफाय आधी जाईल. यूपीएस निवडताना पीओईचे १७० वॅट आणि स्विचचे स्वतःचे वीसेक धरून पॉवर सप्लायमधली घट जमेला घ्या. भिंतीच्या प्लगमधून साधारण २१५ वॅट ओढले जातील, आणि बॅटरी किती वेळ टिकेल हे त्या आकड्यावर काढा.